फोटोतलं ड्रॉइंग कसं वाचायचं? टायटल ब्लॉक, टॉलरन्स आणि सरफेस फिनिश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेटमध्ये किंवा खाडीपलीकडे रबाळे-महापेला ट्रेनिंगला लागलेली डिप्लोमाची मुलंमुली पहिल्या आठवड्यातच ड्रॉइंगचा एक फोटो पाठवतात. फोटो तिरका असतो, वर ट्यूबलाइटची चकाकी असते आणि खाली लिहिलेलं असतं, "सर, हे कसं वाचायचं?" त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सगळी उत्तरं एकाच साध्या पायऱ्यांच्या शाफ्टवरून दिली आहेत. एकूण लांबी १४८ मिमी. दोन बेअरिंग सीट, दोन्हींवर Ø25 k6, प्रत्येकी १६ मिमी लांब. मधला भाग Ø32. एका टोकाला Ø20 h6 आणि त्यात ६ मिमी रुंदीचा की-वे. बेअरिंग ६२०५, म्हणजे भोक २५ आणि रुंदी १५. असा शाफ्ट कुठल्याही छोट्या शॉपमध्ये आठवड्याला एकदा तरी लेथवर चढतोच.

१. फोटो उघडला की सगळ्यात आधी काय बघू? मी तर थेट मापं वाचायला घेतो.

मापं नंतर. आधी उजवीकडचा खालचा कोपरा, म्हणजे टायटल ब्लॉक. कारण एवढंच की ड्रॉइंगवर जे लिहिलेलं नसतं ते इथे ठरलेलं असतं. आपल्या शाफ्टवर १४८ नुसतंच लिहिलंय, पुढे काही नाही. ते किती मोठं-छोटं चालेल, हे टायटल ब्लॉक सांगतो (प्रश्न ६). मधल्या Ø32 वर फिनिशचं चिन्हच नाही. तेही टायटल ब्लॉकजवळच असतं (प्रश्न १४). हा कोपरा फोटोत कापला गेला असेल, तर तुमच्या हातात अर्धंच ड्रॉइंग आहे. बाकीचा भाग कितीही स्पष्ट असला तरी दुसरा फोटो मागवा.

२. फोटो कसा काढला म्हणजे आकडे नीट वाचता येतील?

शीट टेबलावर सपाट पसरा, मोबाइल बरोबर वर समांतर धरा आणि फ्लॅश बंद ठेवा. लॅमिनेट केलेलं ड्रॉइंग असेल तर दिव्याच्या थेट खाली धरू नका, खिडकीकडे सरकवा. पूर्ण शीटचा एक फोटो घ्या, मग चार भागांचे चार, कडा एकमेकांवर येतील असे. टायटल ब्लॉकचा फोटो वेगळा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि पहिला बळी जातो दशांशचिन्हाचा. त्यातून काय घोटाळा होतो ते प्रश्न १२ मध्ये आहे.

आणि हो, आधी विचारा. ड्रॉइंग बहुतेक वेळा शॉपचं नसतं, गिऱ्हाइकाचं असतं. "हे ड्रॉइंग आमची मालमत्ता आहे, परवानगीशिवाय प्रत काढू नये" अशी ओळ टायटल ब्लॉकच्या आसपासच छापलेली असते. सुपरवायझरला विचारून फोटो काढलात तर काही बिघडत नाही. तोच फोटो कॉलेजच्या ग्रुपवर टाकलात तर बिघडतं. रिपोर्टमध्ये लावायचाच असेल तर कंपनीचं नाव आणि ड्रॉइंग नंबर झाकून, तेही परवानगी घेऊनच.

३. टायटल ब्लॉकमध्ये दहा-बारा रकाने असतात. त्यातले खरंच कामाचे कुठले?

सही, तारीख, ड्रॉइंग कोणी काढलं, कोणी तपासलं यांचा उपयोग वाद झाला की होतो. पार्ट बदलणारे रकाने मोजकेच आहेत.

पहिला, ड्रॉइंग नंबर आणि त्याच्या शेजारची रिव्हिजन. ग्रुपवर आलेला फोटो रिव्हिजन बी चा आणि मशीनला लावलेला कागद सी चा, असं सर्रास होतं. दोन्ही ड्रॉइंगं दिसायला सारखी, फरक एका मापाचा. टायटल ब्लॉकमधलं रिव्हिजनचं अक्षर आणि रिव्हिजन टेबलातलं शेवटचं अक्षर एकच असायला हवं. नसेल तर काम थांबवून विचारायचं.

दुसरा, शीट नंबर. "१/२" असेल तर दुसरी शीट आहे आणि की-वेचा सेक्शन कदाचित तिच्यावर असेल.

तिसरा, मापाचं एकक. आपल्याकडे मिमी गृहीत धरायची सवय असते, पण नवी मुंबईतल्या कितीतरी शॉपमध्ये अमेरिकन गिऱ्हाइकांची इंचातली ड्रॉइंगं येतात. इंचाच्या ड्रॉइंगवर फिनिशचे आकडेही वेगळ्याच मापात असतात (प्रश्न १२).

चौथा, मटेरियल आणि हीट ट्रीटमेंट. EN8 लिहिलंय आणि शेजारी हार्डनेसही दिलाय, तर बेअरिंग सीट आधी टर्न करून अलाउन्स ठेवायचा आणि हीट ट्रीटमेंटनंतर ग्राइंड करायची, असा कामाचा क्रमच बदलतो.

उरलेले तीन, म्हणजे प्रोजेक्शनचं चिन्ह, जनरल टॉलरन्स आणि जनरल फिनिश, यांना पुढे स्वतंत्र प्रश्न दिले आहेत.

४. तो कापलेला शंकू आणि दोन वर्तुळं, त्यावरून फर्स्ट अँगल की थर्ड अँगल कसं ओळखायचं? डावं-उजवं पाठ केलं की विसरायला होतं.

डावं-उजवं पाठ करूच नका. मोबाइलवर फोटो फिरतो आणि पाठांतर तिथेच फसतं. शंकूचं कुठलं टोक वर्तुळांकडे आहे ते बघा. रुंद टोक वर्तुळांकडे असेल तर फर्स्ट अँगल, अरुंद टोक असेल तर थर्ड अँगल. फोटो आडवा असो की उलटा, ही खूण बदलत नाही.

कॉलेजात आपण फर्स्ट अँगल शिकतो. अमेरिकन आणि जपानी ड्रॉइंगं साधारणपणे थर्ड अँगलमध्ये असतात. आपला शाफ्ट गोल आहे म्हणून फरक जाणवणार नाही असं वाटतं, पण एका टोकाच्या फेसवर चावीचा सपाट भाग किंवा टॅपिंगची भोकं असली तर ती कुठल्या टोकाला आहेत हे या चिन्हावरच ठरतं.

५. फोटोत एक माप दिसतच नाही. स्केल १:१ लिहिलंय. शेजारच्या मापावरून मोजून काढू का?

नाही. फोटोत परस्पेक्टिव्ह असतो, म्हणजे कॅमेऱ्याजवळची बाजू मोठी दिसते. त्यात ए३ ची शीट ए४ वर प्रिंट केलेली असली तर १:१ ला अर्थच उरत नाही. बेरीज-वजाबाकीने माप निघत असेल तर जरूर काढा, पण ते इन्स्पेक्शनला किंवा डिझाइनला दाखवून नक्की करून घ्या.

६. १४८ च्या पुढे काही टॉलरन्स नाही. म्हणजे अगदी बरोबर १४८ हवं का?

नेमकं १४८ कोणालाच करता येत नाही. टॉलरन्स लिहिलेला नसेल तर जनरल टॉलरन्स लागू होतो आणि तो टायटल ब्लॉकमध्ये किंवा त्याच्या वर असतो. आपल्या ड्रॉइंगवर ISO 2768-m असं लिहिलंय. यातला m म्हणजे मीडियम. त्याच्या मागेपुढे f हा फाइन, c हा कोर्स आणि v हा सगळ्यात सैल वर्ग आहे. याच आशयाचं भारतीय मानक आयएस २१०२ आहे. जुन्या देशी ड्रॉइंगवर तेच नाव दिसेल.

मीडियम वर्गात ६ मिमीपर्यंतच्या मापाला ±०.१, ६ च्या वर ३० पर्यंत ±०.२, ३० च्या वर १२० पर्यंत ±०.३ आणि १२० च्या वर ४०० पर्यंत ±०.५ अशी सूट आहे. माप वाढलं की सूट वाढते. १४८ हे शेवटच्या टप्प्यात येतं, म्हणून १४७.५ ते १४८.५ चालेल. बेअरिंग सीटची लांबी १६, तिला ±०.२, म्हणजे १५.८ ते १६.२. बेअरिंग १५ रुंद आहे, तेव्हा सीट सगळ्यात लहान आली तरी बेअरिंग तिच्यावर पूर्ण बसतं. मधल्या Ø32 ला ±०.३. तो नुसता शोल्डर आहे, त्याला एवढं पुरतं.

चॅम्फर आणि रेडियसला हा तक्ता लागत नाही. त्यांचा वेगळा, जास्त सैल तक्ता आहे. १ मिमीच्या चॅम्फरला मीडियम वर्गात ±०.२ मिळतो. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो आणि मुलं हमखास ±०.१ सांगतात.

७. असं एखादं माप असतं का, ज्याला जनरल टॉलरन्सही लागत नाही?

असतं. कंसातलं माप, उदाहरणार्थ (148), हे फक्त माहितीसाठी दिलेलं असतं. बाकीच्या मापांच्या बेरजेतून ते आलेलं असतं, त्यावर पार्ट रिजेक्ट करत नाहीत. चौकटीतलं माप म्हणजे सैद्धांतिक अचूक माप. त्याची सूट जवळच्या जॉमेट्रिकल टॉलरन्सच्या चौकटीत दिलेली असते. फोटोत कंसाची फिकट रेघ पुसली जाते, म्हणून सलग मापांची साखळी आणि एकूण लांबी दोन्ही दिसली तर त्यातल्या एकाला कंस होता का, ते मूळ कागदावर बघा.

दुसरा अपवाद कंपनीच्या स्वतःच्या तक्त्याचा. टायटल ब्लॉकमध्ये मानकाऐवजी दशांशानंतरच्या आकड्यांप्रमाणे सूट दिलेली असते. एक आकडा असेल तर इतकी, दोन असतील तर तितकी. मग 25, 25.0 आणि 25.00 ही तीन वेगळी मापं ठरतात. अशा ड्रॉइंगवरून वहीत उतरवताना शेवटचं शून्य गाळलंत की टॉलरन्सच बदलला.

८. Ø25 k6 म्हणजे नक्की किती? आणि २५.००० आलं तर पास ना?

पास नाही. हे पहिल्यांदा ऐकून सगळेच चकित होतात.

२५ हे मूळ माप. अक्षर सांगतं की टॉलरन्सचा पट्टा मूळ मापाच्या कुठे आहे, आकडा सांगतो की तो पट्टा किती रुंद आहे. लहान अक्षर शाफ्टसाठी, मोठं अक्षर भोकासाठी. १८ च्या वर ३० मिमीपर्यंतच्या मापाला ६ नंबरच्या ग्रेडची रुंदी १३ मायक्रॉन, म्हणजे ०.०१३ मिमी. k चा पट्टा या आकारात मूळ मापाच्या २ मायक्रॉन वर सुरू होतो. म्हणून Ø25 k6 ची खालची मर्यादा २५.००२ आणि वरची २५.०१५. २५.००० हे खालच्या मर्यादेच्याही खाली गेलं. तो शाफ्ट अंडरसाइज आहे.

मुद्दाम असं का? कारण फिरणाऱ्या शाफ्टवर बेअरिंगची आतली रिंग घट्ट बसली पाहिजे, नाहीतर ती शाफ्टवर घसरत फिरते आणि सीट झिजते. बेअरिंगचं भोक २५ किंवा त्याहून किंचित कमी असतं, म्हणून शाफ्ट २५ च्या वरच ठेवतात.

टोकाच्या Ø20 h6 ची गोष्ट उलटी. २० हाही त्याच गटात येतो, म्हणून रुंदी तीच १३ मायक्रॉन. पण h ची वरची मर्यादा नेहमी मूळ माप असते, तेव्हा १९.९८७ ते २०.०००. एकाच शाफ्टवर दोन शेजारचे व्यास, ग्रेड एकच, पण एक मूळ मापाच्या वर आणि एक खाली.

९. फोटोत वरचं टॉलरन्स +0.015 आहे की +0.018, कळत नाही. अंदाज करायचा का?

अंदाज करायचा नाही, पडताळा घ्यायचा. दोन मर्यादांमधला फरक ही तुमची चावी. Ø25 k6 शेजारी खाली +0.002 स्पष्ट दिसतंय. वर 0.015 धरलं तर फरक १३ मायक्रॉन, म्हणजे या आकाराची ६ नंबरची ग्रेड बरोबर जुळते. 0.018 धरलं तर फरक १६ येतो. ६ नंबरच्या ग्रेडला १६ मायक्रॉन मिळतात ते ३० च्या वर ५० पर्यंतच्या मापाला. २५ ला ते बसत नाही. म्हणजे आकडा 0.015 च.

अक्षरच पुसलं असेल तर चिन्हं बघा. दोन्ही मर्यादा अधिक आणि खालची शून्याला चिकटलेली असेल तर k. दोन्ही अधिक पण वर सरकलेल्या, +0.021 आणि +0.008, तर m. वर शून्य असेल तर h. दोन्ही उणे, -0.007 आणि -0.020, तर g. चारही ठिकाणी फरक १३ च आहे, फक्त पट्ट्याची जागा बदलते. उणे चिन्ह ही फोटोत सगळ्यात आधी नाहीशी होणारी रेघ आहे, आणि g चा k झाला तर सरकता शाफ्ट अडकणारा होतो. म्हणून दोन्ही मर्यादा अधिक वाचल्यात आणि मोठी संख्या खाली दिसली, तर समजा की उणे चिन्हं गेली आहेत. मोठं माप देणारी मर्यादा नेहमी वरच लिहितात.

तरीही हा पडताळा तुमच्या समजुतीसाठी. मशीनवर माप लावण्यापूर्वी मूळ कागद बघायचाच.

१०. की-वे तर शाफ्टवर आहे, मग 6 P9 मध्ये अक्षर मोठं का? आणि खोली न देता 16.5 का दिलंय?

अक्षराचा संबंध पार्टशी नसतो, त्या भागाशी असतो. की-वे शाफ्टमध्ये असला तरी तो आतला भाग आहे, त्यात की बसते, म्हणून मोठं अक्षर. ६ मिमीला P9 म्हणजे -०.०१२ आणि -०.०४२, तेव्हा रुंदी ५.९५८ ते ५.९८८. ६ चा स्लॉट ड्रिल एका पासमध्ये चालवला की स्लॉट ६ च्या वर जातो आणि की सैल बसते. त्यामुळे सहसा थोड्या लहान कटरने खोदून मग दोन्ही बाजू साइझिंग करतात.

16.5 हे समोरच्या बाजूपासून की-वेच्या तळापर्यंतचं माप. २० च्या शाफ्टला की-वेची खोली ३.५, म्हणून २० वजा ३.५. खोली थेट का देत नाहीत? कारण की-वे कापल्यावर वरचा गोल पृष्ठभाग तिथे उरतच नाही, मोजणार कुठून? समोरून व्हर्नियर लावता येतो. खोलीला +०.१ आणि शून्य अशी सूट असते, म्हणून 16.5 वर ती उलटी दिसते: शून्य आणि -०.१. फोटोत -0.1 च्या जागी नुसतं 0.1 दिसलं तर हे आठवा.

११. फिनिशची ती टिकमार्कसारखी खूण तीन प्रकारची दिसते. फरक काय?

नुसती टिक, वर काही नसलेली, म्हणजे पृष्ठभाग कसाही मिळवा, मशीनिंग केलं तरी चालेल, नाही केलं तरी चालेल. टिकचं तोंड आडव्या रेघेने बंद करून त्रिकोण झाला असेल तर मटेरियल काढायलाच हवं: टर्निंग, मिलिंग, ग्राइंडिंग, काहीही. टिकच्या कुशीत गोल असेल तर मटेरियल काढायचं नाही, कास्टिंग किंवा फोर्जिंगचा मूळ पृष्ठभाग तसाच ठेवायचा.

आता गोंधळाची जागा. आणखी एक लहान गोल असतो, तो टिकच्या लांब पायाच्या वरच्या टोकाला, जिथून आडवी रेघ सुरू होते तिथे. त्याचा अर्थ, त्या व्ह्यूमध्ये दिसणाऱ्या बाह्यरेषेवरच्या सगळ्या बाजूंना तीच फिनिश. कुशीतला गोल "हात लावू नका" म्हणतो आणि टोकावरचा "सगळीकडे करा" म्हणतो. धूसर फोटोत दोन्ही एका ठिपक्यासारखे दिसतात, तेव्हा झूम करून ठिपका नेमका कुठे आहे ते बघा.

टिकचं टोक ज्या रेघेला टेकतं त्या पृष्ठभागाची फिनिश. चिन्ह खालून किंवा उजवीकडून वाचता येईल असं काढतात, म्हणून उभ्या बाजूंवर ते आडवं पडलेलं दिसेल.

१२. बेअरिंग सीटवर फिनिश "32" दिसतेय. म्हणजे ३.२ ना?

बहुतेक वेळा हो, पण नेहमी नाही, आणि इथेच पार्ट फुकट जातात.

मिमीच्या ड्रॉइंगवर फिनिश मायक्रॉनमध्ये असते आणि आकडे ठरलेल्या पायऱ्यांचे असतात: ०.२, ०.४, ०.८, १.६, ३.२, ६.३, १२.५. प्रत्येक पायरी साधारण दुप्पट. म्हणून मिमीच्या ड्रॉइंगवर "16" दिसलं तर ते १.६, कारण १६ अशी पायरीच नाही. "08" म्हणजे ०.८. जर्मन ड्रॉइंगवर बिंदूऐवजी स्वल्पविराम असतो, 0,8 असा, आणि फोटोत तोही हरवतो.

पण इंचाच्या ड्रॉइंगवर फिनिश मायक्रोइंचमध्ये असते आणि तिथे 16, 32, 63, 125 हे खरेखुरे, बिंदू नसलेले आकडे आहेत. ३२ मायक्रोइंच म्हणजे साधारण ०.८ मायक्रॉन, ६३ म्हणजे १.६, १२५ म्हणजे ३.२. तेव्हा "32" चा अर्थ ३.२ मायक्रॉनही असू शकतो आणि ०.८ ही. दोन्हींत चौपट फरक. एक साध्या टर्निंगमध्ये मिळतो, दुसऱ्यासाठी ग्राइंडिंगचा विचार करावा लागतो. निकाल टायटल ब्लॉकमधलं एकक देतं (प्रश्न ३).

टॉलरन्सही साक्ष देतो. Ø25 k6 चा पट्टा १३ मायक्रॉनचा. Ra 3.2 च्या पृष्ठभागावर शिखर ते दरी अंतर ढोबळमानाने चार ते सात पट, म्हणजे १३ ते २२ मायक्रॉन असू शकतं. म्हणजे खरखरीतपणाच टॉलरन्सएवढा झाला. मायक्रोमीटर शिखरांवर टेकून माप बरोबर दाखवेल, पण बेअरिंग प्रेस करताना शिखरं चेपतील आणि फिट सैल होईल. या आकाराच्या ६ ग्रेडच्या बेअरिंग सीटला ०.८ हीच नेहमीची फिनिश. म्हणून सीटवर "32" दिसलं आणि ड्रॉइंग मिमीचं असलं, तर तो आकडा तिथला नसून शेजारच्या शोल्डरचा तर नाही ना, हे लीडर रेघ धरून तपासा.

१३. जुन्या ड्रॉइंगवर ▽▽ किंवा N7 असं असतं. त्याचं Ra मध्ये काय होतं?

N च्या ग्रेड सरळ आहेत. N6 म्हणजे ०.८, N7 म्हणजे १.६, N8 म्हणजे ३.२, N9 म्हणजे ६.३. एकच लक्षात ठेवा, N7 म्हणजे १.६, आणि दोन्ही बाजूंना दुप्पट-निमपट करत जा.

त्रिकोण मात्र एक आकडा सांगत नाहीत, पल्ला सांगतात. आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या तक्त्यानुसार एक त्रिकोण १२.५ ते २५, दोन त्रिकोण १.६ ते ६.३, तीन त्रिकोण ०.२ ते ०.८, चार त्रिकोण त्याहून बारीक. म्हणून ▽▽ चं "बरोबर Ra किती" या प्रश्नाला एक उत्तर नाही. ३.२ धरायचं की १.६, हे शॉपच्या पद्धतीवर किंवा गिऱ्हाइकाला विचारून ठरतं. रिपोर्टमध्ये पल्लाच लिहा.

१४. टायटल ब्लॉकच्या वर एक फिनिशचं चिन्ह आहे आणि पुढे कंसात दुसरं. दोन्ही कुठे लावायची?

कंसाबाहेरचं सगळीकडे, कंसातलं फक्त जिथे ड्रॉइंगवर दाखवलंय तिथे. आपल्या शाफ्टवर बाहेर Ra 3.2 आणि कंसात Ra 0.8 आहे. म्हणजे दोन्ही बेअरिंग सीटवर ०.८ ची चिन्हं असतील आणि Ø32, फेस, चॅम्फर, सगळ्याला ३.२. कधी कंसात आकडा नसतो, नुसती उघडी टिक असते. अर्थ तोच: अपवाद आहेत, ड्रॉइंगवर शोधा. कंसात ०.८ दिसतंय आणि फोटोभर कुठेच ०.८ सापडत नाही, तर फोटोत काहीतरी राहिलंय.

१५. Rz 6.3 आणि Ra 6.3 एकच धरलं तर?

तर तुम्ही फार खरखरीत पार्ट द्याल. Ra ही सरासरी असते, Rz शिखर ते दरी उंची. दोन्हींमध्ये पक्कं सूत्र नाही, पण प्रश्न १२ मधला चार ते सात पटीचा अंदाज धरला तर Rz 6.3 म्हणजे Ra साधारण ०.९ ते १.६. फोटोत a आणि z ओळखू येत नसतील तर विचारणं हाच उपाय. टेस्टरवर मोजतानाही स्क्रीनवर कुठलं पॅरामीटर लावलंय ते आधी बघा.

याच चिन्हात Ra च्या आधी तिरक्या रेघेपूर्वी आकडा असला, जसं -0.8/Ra 1.6, तर तो ०.८ फिनिशचा नाही. तो टेस्टरवर लावायचा कट-ऑफ आहे, मिमीमध्ये.

१६. मापाशेजारी लहान त्रिकोणात "B" आहे. ही कुठली फिनिश?

फिनिश नाही, रिव्हिजनची खूण. ते माप बी रिव्हिजनला बदललं, असा अर्थ. आधी काय होतं ते रिव्हिजन टेबलात मिळेल. फिनिशचा त्रिकोण टोक खाली करून पृष्ठभागाला टेकलेला असतो. रिव्हिजनचा सुटा, बहुधा टोक वर, आणि आत अक्षर किंवा आकडा. तिसरा त्रिकोण डेटमचा. तो पृष्ठभागावर सपाट बाजूने बसतो आणि त्याचं अक्षर बाहेरच्या चौकटीत असतं.

१७. ISO 2768-mK मधला मोठा K कशाचा? सरांनी सांगितलं ते मानक रद्द झालंय.

लहान m लांबी आणि कोनाच्या मापांसाठी. मोठा K सरळपणा, सपाटपणा, काटकोन अशा भौमितिक गोष्टींच्या जनरल टॉलरन्ससाठी, आणि त्यात H, K, L असे तीन वर्ग. शाफ्टच्या k6 शी या K चा काही संबंध नाही. सर म्हणतात ते K च्या भागापुरतं खरं आहे. तो दुसरा भाग मागे घेतला गेला आणि २०२१ मध्ये आयएसओ २२०८१ आलं. पण ड्रॉइंगवर जे लिहिलंय तेच त्या पार्टला लागू. गिऱ्हाइकाच्या जुन्या ड्रॉइंगवर mK असेल तर जुना तक्ता काढूनच पार्ट तपासतात.

१८. टायटल ब्लॉकमध्ये "झिंक प्लेटिंग ८ मायक्रॉन" आहे. मग k6 प्लेटिंगच्या आधीचं की नंतरचं?

आधी नोट शोधा, बहुतेकदा टायटल ब्लॉकच्या वरच्या नोट्समध्ये एखादी ओळ असते. नसेल तर हिशोब करून बघा, म्हणजे का विचारायचं ते कळेल. प्लेटिंग दोन्ही बाजूंना चढतं, म्हणून व्यास १६ मायक्रॉननी वाढतो. टॉलरन्सचा अख्खा पट्टाच १३ चा. शाफ्ट २५.००२ ते २५.०१५ मध्ये ग्राइंड करून प्लेटिंगला पाठवलात तर तो २५.०१८ ते २५.०३१ होऊन परत येईल, म्हणजे प्रत्येक नग ओव्हरसाइज. नंतरचं माप k6 हवं असेल तर आधी २४.९८६ ते २४.९९९ ठेवावं लागेल, आणि तेही प्लेटिंग सगळीकडे नेमकं आठच चढेल असं धरून. ते तसं चढत नाही, कडांवर जास्त बसतं. म्हणून बेअरिंग सीट झाकून प्लेटिंग करायचं का, असं गिऱ्हाइकाला सरळ विचारतात. उत्तर फोनवर घेऊ नका, ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन लिहून मेलवर घ्या.